एकाच तारखेला दोन खाटा : हॉस्पिटलच्या बिलावरची एक हरकत, पहिल्या पत्रापासून परताव्यापर्यंत

एका खाजगी हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात मी बरीच वर्षं नोकरी केली. आता निवृत्त आहे. ओळखीपाळखीतली माणसं बिलं घेऊन येतात, मी वाचून देतो. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "काका, एवढं बिल कसं झालं?" या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण 'एवढं' म्हणजे किती जास्त, हे त्यांच्या हातातल्या कागदावरून कळतच नाही. पुढचं प्रकरण मात्र व्यवस्थित लढवलं गेलं, त्याची कागदपत्रं मी पाहिली आहेत, म्हणून ते लिहितो. हॉस्पिटलचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

बहात्तर वर्षांच्या एक आजी न्यूमोनियाने पुण्याजवळच्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात दाखल झाल्या. ८ जुलैच्या रात्री ९.४० ला थेट आयसीयूत. ११ जुलैला सकाळी ११ वाजता ऑक्सिजन काढून त्यांना सेमी-प्रायव्हेट वॉर्डात हलवलं, आणि १४ जुलैला घरी सोडलं. विमा नव्हता. मुलगी शाळेत शिक्षिका, पैसे तिनेच भरले. तिच्या हातात आलेलं अंतिम बिल एका पानाचं होतं:

बेड चार्जेस ४६,८००
लॅब व रेडिओलॉजी २८,४००
फार्मसी ५८,३२०
डॉक्टर व्हिजिट २२,०००
उपकरणे व ऑक्सिजन १५,३००
इतर ७,८२०
एकूण १,७८,६४०

याला बिलिंगवाले समरी बिल म्हणतात. त्यावर भांडता येत नाही. फार्मसीचे ५८,३२० जास्त वाटतात, पण वाटण्याला काउंटरवर किंमत नसते. एकच गोष्ट दोनदा लावली आहे असं म्हणायचं तर ती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या क्रमांकाने लावली हे दाखवावं लागतं. ते सगळं समरीत गाळलेलं असतं.

काउंटरवर तिने तपशील मागितला. "मॅडम, सिस्टिममधून असंच येतं," असं उत्तर मिळालं. हे खरं नसतं. ज्या सिस्टिममधून समरी निघते, तिच्यातूनच ओळीओळीचं बिल निघतं, छपाईचा पर्याय तेवढा वेगळा. पण दुपारची वेळ, आजी व्हीलचेअरवर बसलेल्या, रिक्षा दारात. तिथे वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता. तिने पैसे भरले आणि बिलाच्या हॉस्पिटलकडे राहणाऱ्या प्रतीवर सहीच्या वर लिहिलं: "तपशीलवार बिल मिळालेले नाही. ते तपासून हरकत घेण्याचा हक्क राखून रक्कम भरत आहे." मग त्या पानाचा फोटो काढला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, शाळेत पावत्यांवर शेरे मारायची सवय उपयोगी पडली. पुढे हॉस्पिटलने "तुम्ही बिल मान्य करून भरलंत" असं म्हणून पाहिलं, तेव्हा तो फोटो कामी आला.

(बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे, आणि महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ही सनद आणि दरपत्रक हॉस्पिटलने दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तरी आजारी माणूस सोबत असताना पैसे भरून बाहेर पडणं आणि वाद कागदावर घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.)

घरी आल्यावर तिने संतापून एक पत्र लिहिलं होतं, ते घेऊन ती माझ्याकडे आली. त्यात बिल होतं, 'लूट' हा शब्द तीनदा होता, आणि रात्रपाळीची एक सिस्टर आजींवर ओरडली होती तेही होतं. ते पत्र बाजूला ठेवायला मी सांगितलं. बिलाच्या पत्रात उपचारांची किंवा वागणुकीची तक्रार मिसळली की ते पत्र बिलिंगच्या टेबलावर राहत नाही. ते व्यवस्थापनाकडून वकिलाकडे जातं, आणि मग वकिलाने मसुदा मंजूर केल्याशिवाय कोणी साधा कागदही देत नाही. सिस्टरची तक्रार करायची तर जरूर करावी, पण वेगळ्या पत्राने.

दुसरं सांगितलं ते असं की पहिल्या पत्रात एकही आरोप करायचा नाही, फक्त कागद मागायचे. आरोप करण्याइतकी माहिती अजून आपल्याकडे नव्हतीच. तिने पाठवलेलं पहिलं पत्र असं होतं:

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक
प्रत : व्यवस्थापक, बिलिंग विभाग

विषय : अंतिम बिलाचा बाबनिहाय तपशील व संबंधित कागदपत्रांच्या प्रती मिळण्याबाबत.
संदर्भ : आयपी क्रमांक व अंतिम बिल क्रमांक (सोबत जोडलेल्या प्रतीप्रमाणे), दि. १४ जुलै.

महोदय,
माझी आई ८ ते १४ जुलै या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होती. अंतिम बिलाची रु. १,७८,६४० ही रक्कम मी हरकत राखून भरली आहे. मला मिळालेल्या बिलात फक्त सहा शीर्षांखालील एकूण रकमा आहेत. कृपया पुढील कागदपत्रे द्यावीत.

१. प्रत्येक आकारणीची तारीख, वेळ, परिमाण, दर व रक्कम दाखवणारे तपशीलवार बिल.
२. फार्मसीच्या सर्व इंडेंटचा व परत केलेल्या औषधांचा तपशील, बॅच क्रमांकासह.
३. लॅबच्या प्रत्येक चाचणीचा नमुना क्रमांक व वेळ.
४. इनडोअर केस पेपरची संपूर्ण प्रत, त्यात ड्रग चार्ट, नर्सिंग नोट्स व आयसीयू चार्ट.
५. दाखल होण्याच्या दिवशी लागू असलेले दरपत्रक, खाटेचा दिवस मोजण्याच्या नियमासह.

केस पेपरच्या प्रतींचे नियमाप्रमाणे होणारे शुल्क भरण्यास मी तयार आहे. वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागणीनंतर ७२ तासांत देण्याची तरतूद आहे, याकडे आपले लक्ष वेधते. तपशील मिळाल्यावर काही शंका असल्यास स्वतंत्रपणे कळवीन.

आपली विश्वासू,
(सही, रुग्णाशी नाते, संपर्क)

त्या ७२ तासांचा आधार म्हणजे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे व्यावसायिक आचाराचे विनियम. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या तर पोच देऊन ७२ तासांत कागद द्यावेत, असं त्यात आहे. 'अधिकार दिलेल्या व्यक्तीने' हे महत्त्वाचं. मुलगी आहे म्हणून आपोआप हक्क पोहोचत नाही. आजींच्या सहीचं दोन ओळींचं अधिकारपत्र सोबत जोडलं होतं. ते नसतं तर पत्र परत करायला हॉस्पिटलला आयतंच कारण मिळालं असतं.

पत्र तिने स्वतः नेऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. तीच प्रत ईमेलनेही पाठवली. ७२ तासांत काहीच आलं नाही. एका स्मरणपत्रानंतर आणि केस पेपरचं झेरॉक्स शुल्क भरल्यानंतर जाडजूड गठ्ठा मिळाला. तपशीलवार बिल एकोणीस पानांचं होतं.

खरं काम इथून पुढे आहे, आणि लोक नेमकं इथे कंटाळतात. तपशीलवार बिल नुसतं वाचून काही कळत नाही. ते दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावं लागतं. बिल म्हणतं 'दिलं', ड्रग चार्ट म्हणतो 'टोचलं'. बिल म्हणतं 'चाचणी', रिपोर्ट म्हणतो 'झाली'. या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तिथेच हरकत उभी राहते. तिने एका वहीत तारखेप्रमाणे रकाने आखले आणि रोज संध्याकाळी एक-एक शीर्ष घेतलं.

सगळ्यात आधी खाटा, कारण तिथे रक्कम मोठी आणि गणित सोपं. बिलात आयसीयू ८,५०० रुपये दराने चार दिवस होतं: ८, ९, १० आणि ११ जुलै. वॉर्ड ३,२०० दराने चार दिवस: ११, १२, १३ आणि १४ जुलै. म्हणजे ११ तारखेला आजी एकाच वेळी दोन खाटांवर झोपल्या होत्या. तारखा मोजल्या तर ८ ते १४ या सातच होतात, बिलात दिवस आठ.

पण मुद्दा याहून खोल होता. दरपत्रकात छापलं होतं की खाटेचा दिवस दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ असा धरला जाईल, आणि खाट बदलल्यास त्या दिवसाचा वरच्या दराचा एकच आकार लागेल. त्या हिशेबाने ८ च्या रात्रीपासून ११ च्या दुपारपर्यंत आयसीयूचे तीन दिवस होतात, आणि ११ च्या दुपारपासून १४ च्या दुपारपर्यंत वॉर्डाचे तीन. एकूण सहा. तरी बिलात आठ आले, कारण हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर दुपारी बारा पाहतच नव्हतं. रुग्ण खाटेवर नोंदला की एक आकार, आणि पुढे दर मध्यरात्री एक, असं ते लावत होतं. आयसीयूत नोंद ८ ला, मग ९, १० आणि ११ लागण्याच्या मध्यरात्री. वॉर्डात नोंद ११ ला, मग १२, १३ आणि १४. कोणी मुद्दाम दोनदा लिहिलेलं नव्हतं. छापील नियम एक आणि सॉफ्टवेअरमधला नियम दुसरा, एवढाच प्रकार. अर्थात याचा दुसरा अर्थ असा की आयसीयूतून वॉर्डात गेलेल्या प्रत्येक रुग्णाच्या बिलात हे घडत असणार.

चार आयसीयू आणि चार वॉर्ड मिळून ४६,८००, तीन आणि तीन मिळून ३५,१००. फरक ११,७००.

लॅबमध्ये तिला सुरुवातीला दहा-बारा ठिकाणी दुप्पट आकारणी दिसली. १० तारखेला इलेक्ट्रोलाइट्स दोनदा, रक्तातल्या वायूंची तपासणी म्हणजे एबीजी चारदा. पण रिपोर्टांच्या फाइलमध्ये दोन्ही इलेक्ट्रोलाइट्सचे वेगळे रिपोर्ट होते, सकाळी ६ चा आणि संध्याकाळी ६ चा. सकाळी पोटॅशियम कमी आलं होतं, सलाइनमधून ते दिल्यावर पुन्हा पाहिलं. एबीजीचेही चार कागद होते. आयसीयूत एकच चाचणी दिवसातून दोनदा होणं हे दोनदा बिल लावणं नव्हे, ते उपचारच आहेत. तिने त्या ओळींवर बरोबरची खूण केली. ऑक्सिजनचंही तसंच. ६२ तासांचे ९,३०० रुपये तिला फार वाटत होते, पण आयसीयू चार्टप्रमाणे ८ च्या रात्री ९.४० पासून ११ च्या सकाळी ११ पर्यंत ६१ तास २० मिनिटं ऑक्सिजन चालू होता. आकारणी बरोबर.

९ जुलैचा सीबीसी मात्र वेगळा निघाला. बिलात सकाळी ६.१० ला एक आणि ६.४८ ला दुसरा, प्रत्येकी ४५० रुपये. रिपोर्ट एकच, दुसऱ्या नमुन्याचा. नर्सिंग नोट्समध्ये ६.४० ची ओळ सापडली: लॅबचा फोन, नमुना गोठला, पुन्हा पाठवा. पहिल्या नळीची तपासणी झालीच नव्हती. ऑर्डर टाकताक्षणी पैसे लागतात, नमुना बाद झाला तर ती ऑर्डर कोणीतरी हाताने रद्द करावी लागते, आणि सकाळी पावणेसातला, पाळी बदलायच्या तोंडावर, ते राहून जातं. बिलिंगमध्ये असताना ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की लॅबच्या पानांवर तासाभराच्या आत आलेली तीच चाचणी मी सगळ्यात आधी शोधतो.

दुसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते, कारण तिथे नाव एकसारखं नसतं. ९, १० आणि ११ जुलैला 'किडनी प्रोफाइल' १,१०० रुपयांना लावला होता, आणि त्याच तारखांना 'क्रिएटिनिन' ३०० व 'युरिया' २५० वेगळे. दरपत्रकात किडनी प्रोफाइलच्या खाली काय काय येतं ते छापलं होतं, आणि क्रिएटिनिन व युरिया त्यात होतेच. नमुना क्रमांकही तिन्ही दिवशी तिन्ही ओळींना एकच. रोज ५५० प्रमाणे तीन दिवसांचे १,६५०. सीबीसी धरून लॅबचे २,१००.

फार्मसीत ती अडली. औषधांच्या ओळी शेकड्याने, त्यात सिरिंजा, हातमोजे, कॅन्युला. सगळं तपासायच्या फंदात पडू नकोस, महाग आणि मोजता येणारी दोन-तीन औषधं घे, असं मी सांगितलं. आजींना पिपेरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक ४.५ ग्रॅमच्या कुपीतून आठ-आठ तासांनी दिलं जात होतं. बिलात ४१० रुपयांच्या २३ कुप्या. ड्रग चार्टवर प्रत्येक डोसापुढे सिस्टरची सही असते. त्या सह्या तिने मोजल्या: ८ च्या रात्री एक, ९ ते १३ या पाच दिवसांत रोज तीन, १४ च्या सकाळी एक. एकूण १७. सहा कुप्या कुठे गेल्या?

फार्मसीकडे पाठवलेल्या औषधांच्या मागणीला इंडेंट म्हणतात. त्या इंडेंटच्या यादीत तीन सापडल्या. ११ तारखेला सकाळी ८ वाजता आयसीयूने दिवसभराच्या तीन कुप्या मागवल्या, आणि दुपारी १२.३० ला वॉर्डानेही तीन. आजी खाली आल्या, पण आयसीयूत आलेल्या त्यांच्या कुप्या त्यांच्याबरोबर आल्या नाहीत की फार्मसीत परतही गेल्या नाहीत, निदान कागदावर तरी. उरलेल्या तीन १४ ला वॉर्डातून परत गेल्या होत्या. नर्सिंग नोट्समध्ये "३ कुप्या फार्मसीत परत" असं स्वच्छ लिहिलेलं होतं. बिलात त्याची वजावट नव्हती. सहा कुप्यांचे २,४६०.

इथे ती एका भलत्या वाटेला लागली होती. दोन्ही इंडेंटवर बॅच क्रमांक एकच आहे, म्हणजे त्याच कुप्या दोनदा विकल्या, असा तिचा तर्क. तो टिकत नाही. फार्मसीत एका बॅचच्या शेकडो कुप्या असतात, आठवडाभर सगळ्या रुग्णांना त्याच जातात. बॅच क्रमांक छापील किंमत ताडायला उपयोगी पडतो. कुपी वापरली की नाही याचा पुरावा डोसापुढची सही, दुसरा नाही.

शेवटचा मुद्दा उपकरणांचा, आणि पुढे तोच चिघळला. 'मल्टिपॅरा मॉनिटर' १,२०० आणि 'पल्स ऑक्सिमीटर' ३००, चार-चार दिवस. एकूण ६,०००. दरपत्रकात आयसीयूची ओळ अशी होती: "आयसीयू (बेड, नर्सिंग, आरएमओ व मॉनिटरिंगसह) ८,५००." म्हणजे मॉनिटरिंग खाटेच्या दरात एकदा, मॉनिटरच्या नावाने दुसऱ्यांदा. आणि मल्टिपॅरा मॉनिटर ऑक्सिजनचं प्रमाण दाखवतोच, त्यामुळे पल्स ऑक्सिमीटर म्हणजे खरं तर तिसऱ्यांदा.

चारही मुद्दे मिळून २२,२६०. दुसरं पत्र या आकड्याभोवतीच लिहिलं. ते सगळं इथे देत नाही, खाटेचा आणि कुप्यांचा परिच्छेद देतो, कारण बाकीचे त्याच घडणीचे होते:

"तपशीलवार बिलाच्या पान २ वर दि. ११ जुलै रोजी आयसीयू (रु. ८,५००) व सेमी-प्रायव्हेट वॉर्ड (रु. ३,२००) असे दोन्ही आकार लावले आहेत. आपल्या दरपत्रकाप्रमाणे खाटेचा दिवस दुपारी १२ ते दुपारी १२ असा असून, खाट बदलल्यास त्या दिवसाचा एकच आकार लागतो. नर्सिंग नोट्सनुसार रुग्णास ११ जुलै रोजी सकाळी ११ वाजता वॉर्डात हलवले. त्यानुसार आयसीयूचे ३ व वॉर्डाचे ३ दिवस होतात. बिलात ४ व ४ आहेत. जादा आकारणी रु. ११,७००.

बिलात पिपेरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅमच्या २३ कुप्या आहेत. ड्रग चार्टवर १७ डोसांच्या सह्या आहेत. दि. ११ जुलै रोजी आयसीयू व वॉर्ड या दोन्ही ठिकाणांहून प्रत्येकी ३ कुप्यांचा इंडेंट झाला असून, दि. १४ जुलै रोजी परत केलेल्या ३ कुप्यांची वजावट दिसत नाही. ६ कुप्यांचे रु. २,४६०."

आणि शेवटी मागणी: "वरीलप्रमाणे बिल दुरुस्त करून सुधारित अंतिम बिल, दुरुस्तीची क्रेडिट नोट व रु. २२,२६० चा परतावा मूळ रक्कम भरलेल्या खात्यावर १५ दिवसांत द्यावा. एखादी बाब अमान्य असल्यास तिचे कारण व आधारभूत नोंद लेखी कळवावी. १० जुलैच्या इलेक्ट्रोलाइट्स व एबीजी चाचण्या आणि ऑक्सिजनची आकारणी मी नोंदींशी पडताळली असून त्याबाबत हरकत नाही."

शेवटचं वाक्य तिला नको होतं. "आपण त्यांची वकिली कशाला करायची?" पण बिलिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहा. रोज पाच जण 'सगळंच चूक' म्हणत येतात. हे पत्र वाचताना त्याला कळतं की समोरच्या बाईंनी चार्ट उघडून पाहिलाय, जे बरोबर आहे ते बरोबर म्हटलंय, म्हणजे जे चूक म्हटलंय तेही तपासूनच. असं पत्र तो वरिष्ठांकडे नेताना स्वतःच "हे द्यावे लागतील" असा शेरा मारतो. मी मारलेले आहेत.

तसंच झालं. पत्रानंतर बैठकीला बोलावलं. बिलिंगच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, "मॅडम, आपण सतरा हजार डिस्काउंट देऊन विषय संपवू." तिने विचारलं, "सर, डिस्काउंट म्हणजे बिल बरोबर होतं असंच ना?" प्रश्न बिनतोड होता. सवलत ही हॉस्पिटलची मर्जी, दुरुस्ती ही चुकीची कबुली. सवलतीच्या व्हाउचरवर सही केली की मूळ बिल मान्य केल्यासारखं होतं, आणि राहिलेल्या रकमेवर बोलायची वाट जवळजवळ बंद होते. त्यावर बहुधा 'पूर्ण व अंतिम तडजोड' असे शब्दही छापलेले असतात. तिने ते व्हाउचर परत सरकवलं.

मग बाबवार बोलणी झाली. आयसीयूचा जादा दिवस ८,५००, लॅबचे २,१०० आणि कुप्यांचे २,४६० दुरुस्ती म्हणून मान्य. पल्स ऑक्सिमीटरचे सगळे १,२०० आणि न झालेल्या चौथ्या दिवसाच्या मॉनिटरचे १,२०० हेही मान्य. वॉर्डाच्या चौथ्या दिवसावर हॉस्पिटलचं म्हणणं असं की आजींनी खाट १४ ला दुपारी १ वाजता सोडली, बारा उलटून गेले होते. केस पेपरवर डॉक्टरांनी डिस्चार्ज सकाळी ९.५० ला लिहिला होता, उशीर बिल बनवण्यात झाला. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. अर्धा दिवस, १,६०० रुपये, हॉस्पिटलने सवलत म्हणून दिले, आणि ते तिने सवलत म्हणूनच घेतले, कारण ती खरोखर सवलतच होती. एकूण १७,०६० परत आले, सुधारित बिल १,६१,५८० चं झालं.

अडलं ते तीन दिवसांच्या मॉनिटरवर, ३,६०० रुपयांवर. हॉस्पिटलचं लेखी उत्तर होतं की दरपत्रकातलं 'मॉनिटरिंग' म्हणजे कर्मचाऱ्यांचं लक्ष, यंत्र नव्हे. मॉनिटर नसलेली आयसीयू कशी असते, हे त्या उत्तरात नव्हतं.

इथे दोन वाटा होत्या. एक, जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पण ३,६०० रुपयांसाठी तारखांना शाळेतून रजा काढायला ती तयार नव्हती. दुसरी वाट, शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांखालचा तक्रार निवारण कक्ष. हॉस्पिटल महापालिकेच्या हद्दीत होतं, म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तिने तक्रार दिली. दरपत्रकाचा फोटो, तपशीलवार बिलाचं संबंधित पान आणि हॉस्पिटलचं लेखी उत्तर, एवढे तीनच कागद सोबत. एकोणीस पानांचा गठ्ठा दिला असता तर अधिकाऱ्याने तो वाचला असता असं मला वाटत नाही.

या तक्रारीत माझ्या आग्रहाने एक ओळ घातली होती. विमा नियामकाने आरोग्य विम्यासाठी काही याद्या ठरवल्या आहेत, त्यांतली एक यादी खोलीच्या भाड्यातच धरायच्या गोष्टींची आहे. पल्स ऑक्सिमीटर, इंजेक्शन टोचण्याचा आकार, फाइल उघडण्याचा खर्च, हाउसकीपिंग असं बरंच काही त्यात येतं. ती यादी विमा कंपन्यांसाठी आहे, रोखीने पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या बिलाला ती लागू होत नाही, आणि पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं. पण एकच हॉस्पिटल विमा असलेल्या रुग्णाच्या बिलात जी गोष्ट खाटेत धरतं, ती बिनविम्याच्या रुग्णाला वेगळी का लावतं, एवढा प्रश्न त्यातून उभा राहतो.

आजींचा विमा असता तर प्रकरण वेगळं वळलं असतं. कॅशलेसमध्ये पैसे विमा कंपनी भरते, म्हणून लोक बिल पाहतही नाहीत. पण दुप्पट आकारणीने विम्याची रक्कम संपत असते. तीन लाखांच्या पॉलिसीतून बावीस हजार विनाकारण गेले तर त्याच वर्षात पुन्हा दाखल व्हावं लागल्यास तेवढे कमी मिळतात. अशा वेळी पत्राची प्रत विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था, म्हणजे टीपीए, आणि विमा कंपनी दोघांनाही द्यावी, आणि दुरुस्तीनंतर विम्याची शिल्लक पूर्ववत केल्याचं लेखी मागावं. परतावा कंपनीकडे जातो, रुग्णाच्या हातात फक्त त्याने स्वतः भरलेला हिस्सा येतो.

महापालिकेकडून हॉस्पिटलला खुलासा मागणारं पत्र गेलं. सुनावणी झाली नाही, लागलीही नाही. खुलासा देण्याऐवजी हॉस्पिटलने ३,६०० ची क्रेडिट नोट काढली आणि अंतिम बिल १,५७,९८० चं केलं. सोबतच्या पत्रात 'चूक' हा शब्द नव्हता, 'सौहार्द' होता. क्रेडिट नोटवर मात्र कारणाच्या रकान्यात 'आकारणी दुरुस्ती' असं छापलेलं होतं. तिला तेच हवं होतं.

नंतर आजींना छातीच्या एक्स-रेसाठी तिथेच नेलं, तेव्हा स्वागतकक्षात नवं दरपत्रक लागलेलं होतं. आयसीयूच्या ओळीतून 'मॉनिटरिंगसह' गेलं होतं, आणि खाली नवी ओळ आली होती: 'मल्टिपॅरा मॉनिटर, प्रतिदिन १,२००.' खाटेच्या दिवसाचा बारा ते बाराचा नियम मात्र तसाच होता. सॉफ्टवेअर बदललं की नाही, ते पुढच्या कुणाचं तरी तपशीलवार बिल पाहिल्याशिवाय कळायचं नाही.